जाहिरातीतल्या विशेषणांना आकड्यांनी उत्तर द्या

*नमस्कार ताई,*

*सहा वर्षं एकाच कंपनीच्या अकाउंट्स विभागात व्हेंडरची बिलं बघते. रेझ्युमेमध्ये ‘व्हेंडर बिलांची एन्ट्री व पेमेंटची जबाबदारी’, ‘व्हेंडर रिकन्सिलिएशन करणे’, ‘मंथ-एंडच्या कामात मदत’ अशा ओळी आहेत. सीनियर पदांसाठी अर्ज करते आहे, पण मुलाखतीचं बोलावणंच येत नाही. सगळे सांगतात, आकडे टाक. मी सेल्समध्ये नाही, मला टार्गेट नसतं, मग आकडे आणू कुठून? शिवाय जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत घालायचे म्हणजे कॉपीच झाली ना? एक जाहिरात सोबत जोडते. काम मी मनापासून करते. अडकलेल्या बिलांची यादी दर आठवड्याला स्टोअर्सला पाठवायला दोन वर्षांपूर्वी मीच सुरुवात केली, तेव्हापासून व्हेंडरचे फोनही कमी झालेत. पण असलं काही रेझ्युमेत कसं लिहिणार?*

*— अकाउंट्समधली एक वाचक*

नमस्कार,

रेझ्युमे जरा बाजूला ठेवा आणि पत्राचा शेवट तुम्हीच पुन्हा वाचा. बिलं अडकत होती, तुम्ही यादी पाठवायला लागलात, फोन कमी झाले. अडचण काय होती, तुम्ही काय केलं आणि त्याने काय बदललं, हे सगळं एकाच वाक्यात आलं आहे. रेझ्युमेत यातलं काहीच नाही, कारण तिथे तुम्ही स्वतःच्या कामाऐवजी पदाचं वर्णन केलं आहे. ‘व्हेंडर बिलांची एन्ट्री व पेमेंटची जबाबदारी’ ही ओळ शेजारच्या टेबलावरचा, दर महिन्याला निम्मी बिलं मागे ठेवणारा सहकारीही लिहू शकतो, आणि त्याचीही ओळ खोटी ठरणार नाही. अर्ज चाळणाऱ्याच्या हातात तुम्हा दोघांचे कागद आले तर त्याला फरक दिसणार कुठून?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, आकडे कुठून आणू आणि जाहिरातीतले शब्द घ्यावेत का. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही जोडलेल्या जाहिरातीतच आहे.

जाहिरातीचा गाभा असा आहे: मोठ्या संख्येने येणाऱ्या व्हेंडर इन्व्हॉइसचं वेळेत आणि अचूक प्रोसेसिंग, परचेस ऑर्डर, माल-नोंद आणि बिल जुळवण्याचं थ्री-वे मॅचिंग, तफावतींचा पाठपुरावा करून निपटारा, व्हेंडर स्टेटमेंटचं रिकन्सिलिएशन, मंथ-एंड क्लोज आणि अ‍ॅक्रुअल्स, प्रक्रियेत सुधारणा, एसएपी या सॉफ्टवेअरचा अनुभव, आणि ऑटोमेशनची ओळख असल्यास प्राधान्य.

बहुतेक जण अशा जाहिरातीतून नामं उचलतात. थ्री-वे मॅचिंग, अ‍ॅक्रुअल्स, एसएपी हे शब्द रेझ्युमेत आले की काम झालं असं त्यांना वाटतं. नामं लागतातच, त्यांच्याकडे नंतर येते. पण तुम्ही आधी विशेषणांवर, क्रियाविशेषणांवर आणि कामाचं फळ सांगणाऱ्या शब्दांवर पेन्सिल फिरवा. ‘मोठ्या संख्येने’, ‘वेळेत’, ‘अचूक’, ‘सुधारणा’, ‘निपटारा’. कुठला आकडा हवा आहे ते हेच शब्द सांगतात. ‘मोठ्या संख्येने’ म्हणजे महिन्याला किती बिलं. ‘वेळेत’ म्हणजे बिल हातात आल्यापासून पोस्ट होईपर्यंत किती दिवस, किंवा मुदत उलटून गेलेली किती. ‘अचूक’ म्हणजे परत दुरुस्त करावी लागलेली किंवा दोनदा पेमेंट झालेली किती. ‘निपटारा’ म्हणजे अडकलेल्यांपैकी किती सुटली. ‘सुधारणा’ म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय झालं. टार्गेट नसलं तरी यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या टेबलावर रोज घडते. तुम्ही ती फक्त मोजलेली नाही.

त्यामुळे आकडे आधी गोळा करून मग ते कुठे बसवायचे हे शोधत बसू नका. जाहिरातीने कशाचा पुरावा मागितला आहे ते बघा आणि तेवढंच मोजा. नाहीतर रेझ्युमेत ‘५ जणांच्या टीममध्ये काम’ आणि ‘१२ रिपोर्ट तयार केले’ असले आकडे शिरतात. ते आकडे खरे असतात, पण कोणी मागितलेले नसतात.

आता मोजायचं कसं. खाली दिलेले आकडे मी धरून चालले आहे. तुम्ही तुमचे मोजा, पद्धत मात्र हीच ठेवा.

सगळ्यात सोपा आकडा संख्येचा. तुमच्या युजर आयडीने पोस्ट झालेल्या इन्व्हॉइसची गेल्या तीन महिन्यांची यादी काढा. समजा १,३८०, १,२९० आणि १,५३० आली. बेरीज ४,२००, म्हणजे महिन्याला सरासरी १,४००. रेझ्युमेत ‘महिन्याला सुमारे १,४००’ लिहायचं. तीन महिने घ्यायचे, कारण वर्षअखेरीचा एखादा महिना फुगलेला असतो, आणि तोच धरला तर मुलाखतीत दोन प्रश्नांतच आकडा खाली येतो. आणि हा आकडा तुमच्या एकटीचा असू द्या. अख्ख्या विभागाची बिलं स्वतःच्या नावावर लावली की अकाउंट्समधला माणूस लगेच दिवसाचा हिशेब करतो. महिन्यातल्या २२ कामकाजाच्या दिवसांना १,४०० म्हणजे दिवसाला साधारण ६४ बिलं, हे त्याला पटतं. दिवसाला तीनशे बिलं एका माणसाने थ्री-वे मॅचिंग करून पोस्ट केली, हे त्याला पटणार नाही.

वेळेचा आकडा थोडा जास्त कष्टाचा, पण तुमच्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा आहे. तुमच्याकडे एसएपी असेल तर त्यात `FBL1N` हा कोड टाकला की व्हेंडरच्या प्रत्येक नोंदीपुढे डॉक्युमेंटची तारीख, पोस्टिंगची तारीख आणि पेमेंट जुळल्याची तारीख मिळते. इथे एक गोष्ट जपा. डॉक्युमेंटची तारीख म्हणजे व्हेंडरने बिलावर घातलेली तारीख. बिल तुमच्या हातात त्यानंतर कितीतरी दिवसांनी पडलेलं असू शकतं, आणि त्या दिवसांचं श्रेय किंवा खापर तुमचं नाही. म्हणून बिल मिळाल्याची तारीख घ्या. इनवर्ड रजिस्टरमध्ये, शिक्क्यावर किंवा ज्या मेलने बिल आलं त्या मेलवर ती असते.

सगळी १,४०० बिलं तपासायची गरज नाही. दर विसावं बिल घ्या, म्हणजे महिन्याची ७० होतात. प्रत्येकाचे मिळाल्यापासून पोस्ट होईपर्यंतचे दिवस एका रकान्यात लिहा. मग सरासरीऐवजी मध्यक काढा, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारी किंमत. कारण साधं आहे. दोन-तीन बिलं वादात अडकून ९० दिवस पडून राहिलेली असतात, आणि ती एकट्याने सरासरी वर ओढतात. तुमचं रोजचं काम कसं चालतं ते मध्यक दाखवतो. हाच हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या, तुम्ही यादी पाठवायला लागण्याच्या आधीच्या एका महिन्यासाठी करा. तो महिनाही वर्षातला तोच घ्या, म्हणजे गर्दीचा महिना आणि निवांत महिना यांची तुलना होणार नाही. समजा तेव्हा मध्यक ९ दिवस होता आणि आता ४ आहे.

यावरून पहिला मसुदा बहुतेक जण असा करतात:

‘इन्व्हॉइस प्रोसेसिंगची कार्यक्षमता ५६ टक्क्यांनी वाढवली.’

आकडा आला, तरी ओळ कच्चीच राहिली. कार्यक्षमता म्हणजे काय मोजलं? ५६ टक्के कशाचे? कशामुळे वाढली? वाचणाऱ्याला तिन्ही उत्तरं मिळत नाहीत, म्हणून त्याचा त्या ५६ वरही विश्वास बसत नाही. शिवाय इथे टक्केवारीने चित्र झाकलं जातं. ‘९ दिवसांवरून ४ दिवस’ हे अकाउंट्समधल्या कुणालाही डोळ्यांसमोर येतं, कारण पेमेंटची मुदत किती असते आणि त्यातले ९ दिवस एन्ट्रीतच गेले तर काय होतं हे तो जाणतो. मूळ आकडे लहान आणि ओळखीचे असले की टक्केवारी न काढता ‘इतक्यावरून इतक्यावर’ असंच लिहावं.

आता कारण शोधा. दिवस कमी झाले कशामुळे? कदाचित परचेस ऑर्डरचा नंबर नसलेली बिलं तुम्ही त्याच दिवशी व्हेंडरकडे परत पाठवायला लागलात. पूर्वी ती ट्रेमध्ये पडून राहायची आणि मॅचिंगच्या वेळी लक्षात यायची. असं असेल तर ओळ अशी होते:

‘महिन्याला सुमारे १,४०० व्हेंडर इन्व्हॉइसचं एसएपीमध्ये थ्री-वे मॅचिंग व प्रोसेसिंग, परचेस ऑर्डर नंबर नसलेली बिलं मिळाल्याच्या दिवशीच परत पाठवण्याची पद्धत घालून प्रोसेसिंगचा वेळ ९ दिवसांवरून ४ दिवसांवर आणला.’

जाहिरात शेजारी ठेवून बघा. मोठी संख्या, व्हेंडर इन्व्हॉइस, प्रोसेसिंग, थ्री-वे मॅचिंग, एसएपी, वेळेत, सुधारणा. एवढं सगळं एका ओळीत आलं आणि कुठेही ओढूनताणून बसवल्यासारखं वाटत नाही, कारण प्रत्येक शब्दाखाली तुम्ही खरंच केलेलं काम आहे. मी इथे मराठीत लिहून दाखवते आहे. तुमचा रेझ्युमे इंग्रजीत असेल तर ओळ क्रियापदाने सुरू करा आणि जाहिरातीने जो शब्द वापरला आहे तोच इंग्रजीत ठेवा. छापल्यावर ओळ दोन ओळींच्या पुढे गेली तर दोन भाग करा.

आता तुमच्या यादीची गोष्ट. ती रेझ्युमेतली सगळ्यात भक्कम ओळ व्हायला हवी, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

थ्री-वे मॅचिंगमध्ये परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही जुळले नाहीत की बिल अडकतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण अडकण्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी दर जुळत नाही, कधी नग जुळत नाहीत, कधी माल आलेला असतो पण स्टोअर्सने त्याची नोंदच केलेली नसते. तुम्ही यादी स्टोअर्सला पाठवायला लागलात, म्हणजे तिसरं कारण मोठं आहे हे तुम्ही ओळखलं होतं. ते ओळखणं हाच तुमच्या कामाचा सीनियर भाग आहे, आणि तो रेझ्युमेत दिसला पाहिजे.

मोजायचं असं. यादी सुरू करण्याआधीच्या एका महिन्याच्या शेवटी अडकलेली बिलं किती होती आणि आता किती आहेत. समजा ३१० होती, आता १२० आहेत. इथेच थांबू नका, त्या दोन महिन्यांत एकूण बिलं किती आली तेही बघा. एकूण कामच निम्म्यावर आलं असेल तर अडकलेली बिलं आपोआप कमी होतात, आणि मग ३१० वरून १२० हा तुमचा पराक्रम राहत नाही. दोन्ही महिन्यांत १,४०० च्या आसपास बिलं असतील तर प्रमाण २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आत आलं. हे प्रमाणच लिहा, कारण ते कामाच्या चढउतारात टिकतं. इथे टक्केवारी योग्य आहे, कारण ती एका ठरलेल्या एकूण संख्येची आहे.

आणखी एक तपासणी, जी फार कमी जण करतात. या दोन वर्षांत दुसरं काही बदललं का? स्टोअर्समध्ये नवा माणूस आला, बारकोड आला, एसएपीची आवृत्ती बदलली? बदललं असेल तर सगळं श्रेय एकटीच्या नावावर घेऊ नका. त्याने ओळ हलकी होत नाही. ‘स्टोअर्सबरोबर मिळून’ हे दोन शब्द घातले की ओळ खरीही राहते आणि तुम्ही दुसऱ्या विभागाकडून काम करून घेऊ शकता हेही दिसतं. सीनियर पदासाठी निवड करणारा नेमकं तेच शोधत असतो.

‘अडकलेल्या इन्व्हॉइसच्या कारणांचं विश्लेषण करून माल-नोंद बाकी असलेल्या बिलांची साप्ताहिक यादी सुरू केली, स्टोअर्सबरोबर पाठपुरावा करून महिनाअखेरीस अडकून राहणाऱ्या बिलांचं प्रमाण दोन वर्षांत २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आत आणलं.’

फोन कमी झाले हे मी मुद्दाम यात घेतलं नाही. फोनची नोंद कुणी ठेवलेली नसते. ‘व्हेंडरच्या तक्रारी ७० टक्क्यांनी घटल्या’ असं अंदाजाने लिहिलंत आणि ‘कशा मोजल्या?’ असं विचारलं तर उत्तर नसेल. एक आकडा असा निघाला की बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयाने पाहिलं जातं. पण व्हेंडरचे मेल एका सामाईक मेलबॉक्सवर येत असतील तर त्यातले पेमेंटबद्दल विचारणारे मेल महिन्यागणिक मोजता येतील. मग खुशाल लिहा. नाहीतर मुलाखतीत तोंडी सांगायला ही गोष्ट उत्तम आहे, तिथे तिला आकडा लागत नाही.

‘मंथ-एंडच्या कामात मदत’ ही ओळ वेगळ्या जातीची आहे. इथे बहुधा काही सुधारलेलं नाही, तुम्ही दर महिन्याला तेच काम तितकंच नीट करत आला आहात. तरीही आकडा आहे. आधी ‘मदत’ काढा आणि तुमच्या हातून नक्की काय तयार होतं ते लिहा. माल मिळाला पण बिल आलेलं नाही अशांची अ‍ॅक्रुअल यादी तुम्ही बनवता का? ती कितव्या कामकाजाच्या दिवशी जाते? गेल्या बारा महिन्यांत कितीदा उशीर झाला? ऑडिटमध्ये त्यावर शेरा आला का? समजा यादी दुसऱ्या दिवशी जाते आणि एकदाही चुकली नाही. मग ‘मंथ-एंड क्लोजसाठी अ‍ॅक्रुअल यादी गेले सलग १२ महिने दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण केली’ एवढं पुरे. न चुकणं हेही मोजता येतं. मात्र ‘मंथ-एंड क्लोज केलं’ असं लिहू नका. पुस्तकं बंद करणं हे पूर्ण विभागाचं काम असतं आणि हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

रिकन्सिलिएशनच्या ओळीसाठी एकच सुचवते. किती व्हेंडरची स्टेटमेंट, किती महिन्यांनी, हे लिहाच, पण त्यातून काय सापडलं तेही आठवा. तुमच्यासारख्या कामात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे दोनदा नोंदलेलं बिल. एकाने `INV-0045` असं टाकलं आणि दुसऱ्याने `INV0045`. दोन्ही नंबर सिस्टिमला वेगळे दिसतात, आणि डुप्लिकेट तपासणी बिलाच्या नंबरवर चालत असल्यामुळे बिल सुटून जातं. हे पेमेंटच्या आधी तुम्ही पकडलं असेल आणि नंतर नंबर कसा टाकायचा याचा नियम घालून घेतला असेल, तर जाहिरातीतल्या ‘अचूक’ला याहून चांगलं उत्तर नाही. इथे संख्या लहान असली तरी चालते. ‘वर्षभरात ११ दुहेरी नोंदी पेमेंटआधी पकडल्या’ हे खरं असेल तर बोलकं आहे. असं काही घडलंच नसेल तर ही ओळ साधी ठेवा. प्रत्येक ओळीत आकडा असलाच पाहिजे असा नियम नाही.

आता नकलेबद्दल. तुमच्या ऑफिसात ज्या कामाला ‘तिन्ही कागद जुळवणं’ म्हणतात त्यालाच जाहिरात थ्री-वे मॅचिंग म्हणते. काम तेच असेल तर त्यांचं नाव वापरणं ही नक्कल नाही. मोठ्या कंपन्यांत अर्ज एका सॉफ्टवेअरमध्ये साठतात आणि भरती करणारी व्यक्ती त्यात शब्द टाकून शोधते. शोधात ‘थ्री-वे मॅचिंग’ टाकलं आणि तुमच्या रेझ्युमेत फक्त ‘बिल जुळवणी’ असेल, तर तुमचं काम समोर येईलच याची खात्री नाही. शिवाय पहिली चाळणी करणारी व्यक्ती पुष्कळदा अकाउंट्सची नसते. तिच्या हातात जाहिरात असते आणि ती तेच शब्द शोधते. म्हणून पदांची, प्रक्रियांची आणि सॉफ्टवेअरची नावं त्यांच्याच शब्दांत लिहा. ज्याचं लघुरूप चालतं, उदाहरणार्थ अकाउंट्स पेएबल आणि एपी, ते दोन्ही एकेकदा येऊ द्या.

नक्कल होते ती वाक्य उचलल्यावर. ‘मोठ्या संख्येने येणाऱ्या इन्व्हॉइसचं वेळेत आणि अचूक प्रोसेसिंग’ ही त्यांची ओळ तुमच्या रेझ्युमेत तशीच आली तर ज्याने ती लिहिली त्याच्याच नजरेस ती पडते. आणि ती पुन्हा कर्तव्याचीच ओळ असते, फक्त शब्द त्यांचे. नाव त्यांचं घ्या, विशेषण मात्र घेऊ नका, त्याच्या जागी तुमचा आकडा ठेवा. ‘वेळेत’ हा शब्द रेझ्युमेत कुठेच नसला तरी ‘९ दिवसांवरून ४’ वाचून समोरच्याच्या मनात तो येतो. काही जण जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या अक्षरांत कागदाच्या तळाशी लपवतात. तसं अजिबात करू नका. सॉफ्टवेअरने फाइलमधला नुसता मजकूर बाहेर काढला की ते शब्द उघड दिसतात, आणि हिशेबाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने कागदात काही लपवलेलं दिसणं यासारखं वाईट काही नाही.

क्रमही जाहिरातीचाच ठेवा. त्यांनी प्रोसेसिंग आणि मॅचिंग आधी लिहिलं आहे, मंथ-एंड नंतर. तुमच्या सध्याच्या नोकरीखाली पहिल्या दोन ओळी त्याच असू द्या. दुसऱ्या एखाद्या जाहिरातीत रिकन्सिलिएशन वर असेल तर ती ओळ वर घ्या. यासाठी तुमच्या सगळ्या मोजलेल्या कामांची एक मोठी फाइल वेगळी ठेवा. त्यात दहा-पंधरा ओळी असतील आणि प्रत्येकीखाली आकडा कसा काढला ते दोन वाक्यांत लिहिलेलं असेल. अर्ज करताना त्यातल्या पाच-सहा निवडायच्या. दर वेळी नव्याने लिहायला बसलात तर आकडे हळूहळू फुगत जातात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

ऑटोमेशनचा मुद्दा राहिला. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा ते काम तुम्ही केलेलं नाही. त्या शब्दावर अनेक जण घसरतात. अडकलेल्या बिलांची यादी तुम्ही एक्सेलमध्ये लुकअप लावून बनवत असाल तर तेच लिहा: ‘एसएपीमधून काढलेल्या यादीवर एक्सेल लुकअप वापरून साप्ताहिक रिपोर्ट’. त्याला ऑटोमेशन म्हणू नका. जाहिरातीत ते ‘असल्यास प्राधान्य’ या सदरात आहे, अट म्हणून नाही. त्या एका शब्दासाठी बाकीच्या खऱ्या ओळी पणाला लावण्याची गरज नाही. अर्जाच्या फॉर्ममध्ये हो किंवा नाही असा थेट प्रश्न असेल तर तिथेही ‘नाही’च.

आकडे गोळा करताना दोन पथ्यं पाळा. कंपनीच्या फाइल्स, व्हेंडरची नावं आणि पेमेंटच्या रकमा बाहेर नेऊ नका, स्वतःच्या मेलवरही पाठवू नका. तुम्हाला लागतात ते महिन्याचे एकूण आकडे, दिवस आणि प्रमाण, आणि ते एका कागदावर लिहून घेता येतात. तेही तुमच्या कंपनीत गोपनीय धरले जात असतील तर ‘१,३०० ते १,५००’ असा पल्ला लिहा किंवा फक्त प्रमाण द्या. आणि हे मोजमाप राजीनामा देण्याच्या आधी करा. नोटीस दिल्यावर अनेक ठिकाणी सिस्टिमचा अ‍ॅक्सेस कमी होतो, आणि दोन वर्षांपूर्वीच्या महिन्याची यादी तेव्हा कुणाकडे मागणार?

बोलावणं आलं की प्रत्येक आकड्याबद्दल हे तीन प्रश्न येणार असं धरून चला: कसा मोजला, तुमचा वाटा किती, आणि तुम्ही नसता तर काय झालं असतं. अडकलेल्या बिलांच्या ओळीसाठी तुमची उत्तरं साधारण अशी असतील. महिनाअखेरीची यादी भागिले त्या महिन्यातली एकूण बिलं, दोन्ही वर्षांत तोच महिना. कारणं मी शोधली आणि यादी मी सुरू केली, नोंदी स्टोअर्सने केल्या. यादीआधीही नोंदी व्हायच्याच, पण व्हेंडरचा फोन आल्यानंतर. हे तुम्ही न अडखळता सांगू शकलात तर ती ओळ रेझ्युमेत ठेवा. एखाद्या ओळीबद्दल सांगता येत नसेल तर अर्ज पाठवायच्या आधी ती काढून टाका.